शब्दचर्चा: फोटोतली तिसरी वस्तू 'पुलर' की 'शिकंजा'?

अनुजा_भाषांतर
पाण्याच्या पंपाची मोटर दुरुस्त करण्यावरच्या पुस्तिकेचं मराठीकरण चालू आहे. त्यात हत्यारांच्या पेटीचा एक फोटो आहे आणि प्रत्येक वस्तूखाली नाव हवंय. पहिली म्हणजे दोन्हीकडे तोंड असलेली सपाट लोखंडी पट्टी, तिच्यावर 12 आणि 13 कोरलंय. दुसरी निळ्या मुठींची, कात्रीसारखी उघडणारी. तिसरीच्या मधोमध लांब आटेदार दांडा आणि बाजूंना आकड्यासारखे वळलेले दोन पाय आहेत. चौथी इंग्रजी 'सी' अक्षरासारखी, तिलाही दांडा. तपासणाऱ्या दोघांपैकी एक म्हणतात तिसरी आणि चौथी दोन्ही 'शिकंजा', दुसरे म्हणतात तिसरीला 'पुलर'च म्हणा. पाना आणि पक्कड यांबद्दल वाद नाही. तिसरीचं काय करू?

कुंदा_सातारा
पक्कड म्हणजे गरम पातेलं चुलीवरून उतरवायची ना? आमच्याकडे सांडशीलाच पक्कड म्हणतात. पंपाच्या पुस्तकात हा शब्द आला तर बायका चुकीचं समजतील. 'प्लायर' लिहा.

फिटरकाका
कुंदाताई, कारखान्यात आणि वायरमनकडे पक्कड हाच शब्द चालतो, आणि शेजारी चित्र असल्यावर गोंधळ होणार नाही.

अनुजा, तिसरी वस्तू पुलर आहे, शिकंजा नाही. मधला दांडा दोन्हींत असतो म्हणून फसगत होते. दांड्याची दोन्ही टोकं बघा. सी क्लॅम्पच्या दांड्याच्या टोकाला चपटी फिरती टिकली असते आणि मागे आडवी सरकती दांडी असते, कारण तो हातानेच आवळायचा असतो. टिकलीमुळे लाकडावर किंवा पत्र्यावर खड्डा पडत नाही. पुलरच्या दांड्याचं टोक निमुळतं असतं, म्हणजे शाफ्टच्या मधल्या छोट्या खड्ड्यात ते नेमकं बसतं. मागे षटकोनी डोकं असतं, कारण तिथे पाना लावून जोर द्यायचा असतो. शिवाय पुलरचे पाय पिनांवर हलतात, तर क्लॅम्पची चौकट एकसंध असते.

काम तर उलटंच आहे. क्लॅम्प दोन वस्तू एकमेकींवर दाबून धरतो. पुलरचा दांडा शाफ्टला पुढे ढकलतो आणि त्याच जोरावर पाय बेअरिंगला मागे ओढतात.

सुहास_जी
बरोबर. सोपी खूण म्हणजे दोन पाय दिसले की पुलर. पाय बेअरिंगच्या बाहेरच्या कडेला अडकवायचे आणि पाना फिरवत राहायचं, बेअरिंग निघून येतं.

फिटरकाका
सुहासराव, तीन पायांचाही पुलर येतो आणि जागा असेल तर तोच वापरावा. तो तीन बाजूंनी सारखा ओढतो, दोन पायांचा एका बाजूला कलू शकतो. पण 'बाहेरच्या कडेला' हे पुस्तिकेत अजिबात जाऊ देऊ नका.

समजा मोटरमध्ये 6203 नंबरचं बेअरिंग आहे: भोक 17 मिमी, बाहेरचा व्यास 40, जाडी 12. ते शाफ्टवर घट्ट बसलंय ते आतल्या रिंगने. पाय बाहेरच्या रिंगला अडकवले तर सगळा जोर गोळ्यांमधून आतल्या रिंगपर्यंत जातो आणि गोळ्यांच्या वाटेवर बारीक खड्डे पडतात. बेअरिंग सुटून येतं, बाहेरून चांगलंही दिसतं, पण परत बसवल्यावर घरघर आवाज करतं. बेअरिंग फेकूनच द्यायचं असेल तर चालेल. परत वापरायचं असेल तर पाय आतल्या रिंगच्या मागे गेले पाहिजेत.

मागे पाय शिरायला फट नसेल तर दोन तुकड्यांची बेअरिंग फोडणी प्लेट मिळते. तिची धार फटीत घालून दोन्ही तुकडे बोल्टने जवळ आणायचे, मग पुलर त्या प्लेटला लावायचा. दांड्याच्या आट्यांना आधी तेल लावा. शाफ्टच्या टोकाला आटे असतील तर मध्ये जाड चकती ठेवा, नाहीतर दांड्याचं टोक ते आटे चेपून टाकतं. पाय दांड्याला समांतर आहेत का हे दर एक-दोन फेऱ्यांनी बघायचं. फाकायला लागले तर थांबून पुन्हा बसवा. तसंच ओढत गेलात तर आकडा सुटून अंगावर येतो.

शब्दवेल
माहिती उत्तम, पण अनुजांनी विचारलाय शब्द. पुलर हा उसना शब्द का स्वीकारायचा? 'कर्षक' म्हणा. खेचणारा तो कर्षक, सरळ व्युत्पत्ती.

अनुजा_भाषांतर
कर्षकचा अर्थ शेतकरी असाही होतो ना? पंप शेतावरच चालणार आहे, तिथे 'कर्षक बेअरिंगला लावा' असं लिहिलं तर काय वाचलं जाईल?

शब्दवेल
मग 'खेचक' घ्या. शिवाय शिकंजा तरी कुठे मराठी आहे, तो फारसीतून आलेला. पानासुद्धा 'स्पॅनर'चं डोकं गळून झालेला दिसतो. उसनवारीच करायची तर सगळीकडे मोकळीक द्या, नाहीतर नवा शब्द घडवा.

प्रिया_आयटीआय
पाना स्पॅनरवरून आला हे मला पटलेलं नाही, पण त्याने काही अडत नाही. शिकणारी मुलं दुकानात जाऊन काय मागतील ते लिहा. 'खेचक द्या' म्हटलं तर दुकानदार विचारेल, काय? 'बेअरिंग पुलर, दोन पायाचा, चार इंची' म्हटलं की तो काढून देतो. बुकबाइंडर पुस्तकं दाबायला जे वापरतात तो शिकंजा, त्याला आवळण्याचा अर्थ आहे. चौथ्या वस्तूला तो शोभेल. तिसरीला दिला तर अर्थ उलटा होईल.

एक भर पान्याबद्दल. त्यावरचे 12 आणि 13 म्हणजे नटाच्या दोन समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर. नवीन मुलं 'आठचा बोल्ट, आठचा पाना' असं समजतात, पण 8 मिमीच्या नेहमीच्या बोल्टला 13 चा पाना लागतो. आणि नटाला पक्कड लावू नका हेही लिहा. पकडीचे दात नटाला कोपऱ्यांपाशी धरतात, सपाट बाजू पूर्ण धरत नाहीत. मूठ जराशी सैल झाली की ती घसरते आणि नटाचे कोपरे गोल होतात. मग पानाही बसत नाही.

सुहास_जी
असा गोल झालेला नट व्हाइस ग्रिपने निघतो. एका मुठीच्या टोकाचा स्क्रू फिरवून तोंडाची फट ठरवायची आणि मुठी दाबायच्या, की ती खट्‌कन लॉक होते. सोडायला छोटा खटका असतो. अनुजाताई, तुमच्या फोटोत तशी काही वस्तू आहे का?

अनुजा_भाषांतर
कोपऱ्यात आहे, तिला नंबर दिलेला नाही. तिला पक्कड म्हणू की क्लॅम्प?

फिटरकाका
पक्कड. बांधणी सगळी पकडीचीच आहे, फक्त लॉक होते एवढंच.

प्रिया_आयटीआय
मला नाही वाटत. वेल्डिंग करताना दोन पत्रे तिनेच धरून ठेवतात आणि हात मोकळा राहतो. ते काम क्लॅम्पचं आहे. नाव कामावरून द्यायचं की रूपावरून?

शब्दवेल
'कुलूप-पक्कड' कसं वाटतं?

कुंदा_सातारा
त्यापेक्षा 'अडकपक्कड' म्हणा. आणि 'पकड' की 'पक्कड'? वर दोन्ही लिहिलंय.

प्रिया_आयटीआय
हत्यार ते पक्कड, धरण्याची क्रिया ती पकड. हत्याराला प्रत्यय लागला की एक क जातो, म्हणून पकडीचे, पकडीला.

फिटरकाका
आमच्या शॉपमध्ये 'पक्कडीचे'च म्हणतात.