मदत हवी आहे: बहिणीची जांघ चार आठवडे दुखतेय, एक्स-रे नॉर्मल आहे. एमआरआय करावा का?

माणदेशी_ताई

धाकटी बहीण 19 वर्षांची आहे, कॉलेजकडून 5000 आणि 10000 मीटर पळते. दिवाळीनंतर सरांनी पळणं वाढवलं. आठवड्याला 55 किलोमीटर होतं ते महिन्याभरात 85 वर गेलं. आता चार आठवडे डाव्या जांघेत पुढच्या बाजूला दुखतंय. आधी फक्त पळून झाल्यावर दुखायचं, मग जिना चढताना दुखायला लागलं, आणि परवा रात्री कूस बदलताना तिला जाग आली.

इथल्या हाडाच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. काही नाही, स्नायू ताणलाय म्हणाले आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. गोळी घेतली की दुखत नाही, म्हणून बाईसाहेब गोळी घेऊन पळतायत! विद्यापीठाच्या निवड चाचणीला 19 दिवस राहिलेत. एमआरआयचे सात हजार सांगितलेत. एक्स-रेत काही नाही तर सात हजार कशाला, असं बाबांचं म्हणणं. काय करू?

रविवारचा_रनर

ताई, घाबरू नका. एका महिन्यात 55 वरून 85 ही उडी फार मोठी आहे, कारण तिथेच आहे. पण एक्स-रे स्वच्छ आहे म्हणजे हाड शाबूत. माझंही असंच झालं होतं, नडगीत. दोन आठवडे बर्फ लावला, स्ट्रेचिंग केलं, पळणं अर्ध्यावर आणलं, बरं झालं. खात्री करायची असेल तर तिला डाव्या पायावर दहा उड्या मारायला सांगा. कळ आली तरच एमआरआय करा.

सुलभाकाकू

जांघेत दुखतंय म्हणजे हर्निया असेल गं. आमच्या जाऊबाईंच्या मुलाला अगदी असंच होतं. पोटाची सोनोग्राफी करून घ्या, हजारात होते.

अस्थिर

उड्या अजिबात मारायला लावू नका. हे आधी वाचा, बाकीचं नंतर.

मी खेळाडूंच्या दुखापती बघतो. लांब पल्ल्याची धावपटू, जांघेत खोल दुखणं, आधी पळल्यावर, मग चालताना, मग झोपेतसुद्धा, हा क्रम ऐकला की मी पहिल्यांदा मांडीच्या हाडाच्या मानेला, म्हणजे खुब्याच्या गोळ्याखालच्या अरुंद भागाला, बारीक चीर पडली आहे असं धरून चालतो. तसं नाही हे सिद्ध होईपर्यंत तो पाय जमिनीला टेकवायचा नाही. आजच कुबड्या आणा. रनरभाऊंचं कारण बरोबर आहे, निष्कर्ष चुकलाय. ताणामुळे पडलेली चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही, काहींची तर कधीच दिसत नाही. नडगीच्या आतल्या बाजूचं दुखणं उडी मारून बघितलं तर फार बिघडत नाही. मानेची चीर त्याच उडीत सरकू शकते.

सरकली तर काय होतं? खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा त्या मानेवरूनच जातो. तो तुटला तर गोळा मरतो आणि विशीतल्या मुलीला सांधा बदलायची वेळ येते. सात हजार याच्यासाठी आहेत.

काकू, सोनोग्राफीत हाडाच्या आतलं दिसत नाही.

दोन प्रश्न विचारतो, राग मानू नका. तिची पाळी नियमित येते का? आणि गेल्या वर्षात वजन किती उतरलं?

क्ष_किरण

एमआरआय मशीनवर काम करतो, म्हणून थोडं व्यवहाराचं. चिठ्ठीवर नुसतं 'कंबर' लिहिलेलं असलं तर मणक्याचा स्कॅन होईल आणि खुबा त्यात नीट येणारच नाही. 'दोन्ही खुबे, ताणाच्या चिरेची शंका' असं स्पष्ट लिहून आणा. दोन्ही अशासाठी की दुसऱ्या बाजूशी तुलना करता येते, आणि कधीकधी न दुखणाऱ्या बाजूलाही सूज सापडते. डाय टोचायची गरज नसते. चरबीचा पांढरेपणा दाबून घेतलेल्या चित्रात हाडातली सूज दिव्यासारखी उजळते आणि चीर असेल तर त्या सुजेत काळी रेघ दिसते.

कल्याणकर

मला कबड्डीत पायाच्या करंगळीमागच्या हाडाला अशीच चीर पडली होती. सहा आठवडे प्लास्टर होतं, तरी जुळलं नाही, शेवटी स्क्रू टाकला. त्यांनाही आधीच स्क्रू टाकायला सांगा, वेळ वाचेल.

अस्थिर

कल्याणकर, तुमची जागाही अवघडच, तिथे रक्त कमी पोचतं म्हणून जुळायला कंटाळा करते. पण सगळ्या अवघड जागांना एकच उपाय नसतो. पाऊल आणि घोट्याच्या मधलं होडीच्या आकाराचं हाड असतं, तिथली चीर कुठवर गेली हे सीटी स्कॅनमध्ये एमआरआयपेक्षा चांगलं कळतं. नडगीच्या पुढच्या कडेला एक्स-रेतच आडवी काळी रेघ दिसली तर ती महिनोन्महिने हटत नाही. मानेच्या बाबतीत मात्र सगळं एका गोष्टीवर ठरतं: चीर मानेच्या वरच्या बाजूला आहे की खालच्या.

बांधकामावरच्या कोणालाही विचारा, छज्ज्याची सळई वरच्या अंगाला का घालतात. भार पडला की छज्जा वरून ताणला जातो आणि खालून दाबला जातो. मांडीच्या हाडाची मान हा तिरका छज्जाच आहे. खालची चीर दाबाखाली असते, मिटायला बघते. वरची चीर प्रत्येक पावलाला उघडते. वरची असली तर सहसा लगेच स्क्रू टाकतात. खालची असली आणि मानेच्या निम्म्या रुंदीच्या आत असली तर कुबड्यांवर भागतं.

माणदेशी_ताई

काल एमआरआय केला. बाबांना सांगितलंच नाही, माझ्या पगारातून केला. रिपोर्टात डाव्या मानेच्या खालच्या बाजूला सूज आणि सुमारे एक तृतीयांश रुंदीची चीर लिहिलीय. सांध्यात पाणी नाही. उजवी बाजू ठीक आहे.

तुमच्या प्रश्नांबद्दल. आम्ही एकाच खोलीत झोपतो म्हणून मला माहीत आहे, आईला नाही. सात महिने पाळी आली नव्हती. एका दवाखान्यात पीसीओडी सांगून गोळ्या सुरू केल्या, त्यावर आता दर महिन्याला येते. त्यामुळे तो प्रश्न मिटला असं आम्ही धरलं होतं. वजन वर्षभरात 49 वरून 44. हलकी झालीस तर वेळ सुधारेल असं सर म्हणाले, तेव्हापासून रात्रीचा भात बंद आणि भाकरी एकच. पहाटे साडेपाचला नुसत्या चहावर पळते, पहिलं खाणं दहाला. तीन दिवस तिच्या ताटावर लक्ष ठेवून लिहून काढलं, ढोबळ 1500 कॅलरी भरतात.

अस्थिर

मग चीर का पडली हे तुम्हीच शोधून काढलंत. हिशोब मांडू.

44 किलोतली चरबी वगळली तर साधारण 37 किलो उरतात. पळताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे एक कॅलरी धरा. रोजचे 14 किलोमीटर म्हणजे सहाशेच्या आसपास. 1500 मधून 600 गेले की 900 उरतात. हे 900 हृदय, मेंदू, हाडं, पाळी या सगळ्यांना पुरवायचे. 37 ने भागलं तर किलोला 24 येतात. 45 च्या आसपास असावेत, आणि 30 च्या खाली बऱ्याच मुलींमध्ये पाळीची संप्रेरकं मंदावतात. 30 ही काही लक्ष्मणरेषा नाही, आणि ताटावरून केलेला हिशोब दोन-तीनशेने सहज चुकतो. पण इथे पाळी आणि हाड दोघंही तेच सांगतायत.

शरीर तुटीत असलं की आधी जगायला लागतं तिथे खर्च करतं. हाडाची दुरुस्ती मागे पडते. पळून रोज थोडं झिजतं, ते रात्रीत भरून निघत नाही, आणि नेमकं त्याच महिन्यात पळणं वाढलं. ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या सगळ्याला रेड-एस असं नाव दिलं. मुलांनाही होतं, फक्त त्यांना पाळीसारखी घंटा नसते.

तुमच्या बहिणीची ती घंटा गोळीने बांधून ठेवलीय. गोळ्यांवर येतं ते दर महिन्याला काही दिवस गोळी थांबवल्यामुळे येणारं रक्त. शरीर सावरलं याचा तो पुरावा नाही, आणि हाडाला त्याचा फायदा झाल्याचंही दिसलेलं नाही.

रविवारचा_रनर

उड्यांबद्दल माफ करा, ताई. पण मग ती गोळी लगेच बंद करायची का?

प्राजक्ता_मि

इथे वाचून बंद करू नका. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. आधी गर्भधारणा, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एफएसएच या तपासण्या व्हायला हव्यात. काही रक्त तपासण्या गोळीवर असताना फसवतात, तेव्हा कधी थांबवायची ते डॉक्टरांशी ठरवा. वजन उतरलेल्या, रोज पळणाऱ्या मुलीला नुसत्या सोनोग्राफीवर पीसीओडीचा शिक्का मारलेला मी नेहमी बघते. सोबत ड जीवनसत्त्व आणि हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन. डेक्सात वयाशी तुलना करणारा झेड स्कोअर बघा. उणे एकच्या खाली असला तरी धावपटूसाठी तो कमीच, कारण पळणाऱ्यांची हाडं सरासरीपेक्षा मजबूत असायला हवीत.

अस्थिर यांच्याशी एक मतभेद होईल. पाळी बरीच लांबलेली आणि हाड मोडलेलं असेल तर मी त्वचेवर लावायच्या इस्ट्रोजेनच्या पट्ट्यांचा विचार लवकर करते.

अस्थिर

मी आधी खाणं सुधारून काही महिने वाट बघतो. आपली गाडी इथेच अडते दरवेळी. पट्ट्या गोळ्यांपेक्षा बऱ्या, हे मान्य.

ताई, खाणं. सुमारे साडेसातशे कॅलरी कमी पडत होत्या. पळणं थांबलं म्हणून आता कमी खायचं, हा घोळ ती नक्की घालणार, तो होऊ देऊ नका. उठल्या उठल्या दूध-केळं, दहाला दोन भाकऱ्या, चारला शेंगदाण्याचा लाडू, रात्रीचा भात परत. पोट एकदम साथ देणार नाही, आठवड्याला थोडं थोडं वाढवा.

पायाचं: सहा आठवडे भार शून्य धरा, मग दुखणं बघून हळूहळू टेकवायचं. पळायला तीन ते सहा महिने. दुखण्याच्या गोळ्या बंद, नाहीतर बिघडलेलं कळणार नाही. पहिले काही आठवडे दर आठवड्याला एक्स-रे, चीर सरकली नाही ना एवढ्यासाठी. अचानक कळ आली किंवा पाय उचलेना, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. एक तृतीयांशवरसुद्धा काही सर्जन स्क्रू सुचवतात, विशेषतः पेशंट ऐकणारा नसेल तर. तुमची ऐकणारी आहे का, हे तुम्हाला ठाऊक.

कल्याणकर

संडास देशी पद्धतीचा आहे का? कुबड्यांवर एका पायाने उकिडवं बसताना मी दोनदा पडलो.

माणदेशी_ताई

देशीच आहे! कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मेडिकलमधून खुर्चीचा कमोड आणला.

आज तिसरा दिवस. बाबांना रिपोर्ट दाखवला. ते गवंडीकाम करतात, त्यामुळे छज्ज्याचं एका वाक्यात पटलं. जेवणाचं नाही पटलेलं. आम्ही एक भाकरी खाऊन दिवसभर विटा वाहिल्या म्हणतात. सरांचा फोन आला होता, चाचणीला निदान नुसती हजेरी लाव म्हणाले. फोन तिने माझ्याकडे दिला. काल रात्री भात घेतला, अर्धा टाकला.

एक्स-रे बुधवारी आहे. तो समोरून एकच काढायचा की बाजूनेही?

क्ष_किरण

दोन्ही बाजूंनी. आणि टेबलावर चढताना डावा पाय टेकू देऊ नका, तिथला माणूस घाईत असला तरी.