कोकम आगळ: सीझनची खरेदी स्वतःच्या पैशात कशी बसवू?

मदत हवी आहे. फोंड्यात घरच्या बचतीतून आगळाचा धंदा, हे तिसरं वर्ष. बाटलीमागे ४० रुपये सुटतात, पण भिंडां, म्हणजे कोकमाची फळं, मिळणार एप्रिल-मेमध्येच आणि बागायतदाराला रोख लागते. वर्षभराच्या मालाला अडीच लाख हवेत, हातात १ लाख १० हजार. ९० हजार हॉटेलांकडे अडकलेत. उद्यम नोंदणी आहे, ४५ दिवसांत पैसे देण्याचा नियमही माहीत आहे; तो दाखवला तर पुढची ऑर्डर गेलीच समजा. घरगुती गिऱ्हाइकांकडून आगाऊ घेऊन पाहिलं: २०० बाटल्यांचे २० हजार आले. ते धरूनही जेमतेम निम्मा माल येतो. कर्ज, भागीदार नकोत.

निम्माच माल घेऊन ऐन डिसेंबरात हॉटेलांना नाही म्हणू, की त्यांची उधारी आत्ताच तोडून दुकानांना बाटलीमागे १५ रुपये कमी घेऊन रोखीत देऊ? कोणी केलंय का असं?