'विसरण-नियंत्रित' म्हणजे मंद का?

नोंदवही: एका प्रबंधाचा मराठी सारांश करून देतोय. त्यात डिफ्युजन-कंट्रोल्ड रिअ‍ॅक्शन असं आलं, मी 'विसरण-नियंत्रित अभिक्रिया' लिहून मोकळा झालो. आता वाटतंय की नियंत्रित म्हटलं की वाचणाऱ्याला कुणीतरी लगाम घातलाय, म्हणजे अभिक्रिया मंद आहे असंच वाटणार. आणि पुढच्याच ओळीत 'अत्यंत जलद' लिहिलंय! मग नक्की काय?

सदाफुली: मंदच की. जी पायरी सगळ्यात हळू तीच एकूण वेग ठरवते, हे बारावीलाच असतं. इथे हळू पायरी विसरणाची, म्हणून अभिक्रिया मंद. 'अत्यंत जलद' चुकून पडलं असेल, काढून टाका.

चंचुपात्र: अहो काढू नका! सदाफुलीताईंचं पहिलं वाक्य बरोबर आहे, निष्कर्ष उलटा आहे. दोन रेणू द्रावणात आहेत, त्यांना आधी एकमेकांपर्यंत पोचायचंय, मग अभिक्रिया. बहुतेक अभिक्रियांमध्ये रेणू असंख्य वेळा आपटतात आणि एखाद्याच टकरीत काही घडतं, तिथे पोचण्याचा वेळ हिशोबातच नसतो. पण काही जोड्या अशा असतात की भेटले की झालंच. लग्नाच्या भाषेत, बघताक्षणी पसंती, वेळ जातो तो स्थळ सापडण्यात. तिथे पोचणं हीच 'हळू' पायरी उरते कारण बाकीचं त्याहूनही झटपट होतं. म्हणजे विसरण-नियंत्रित ही द्रावणातली सगळ्यात वेगवान जात आहे, साधे रेणू यापेक्षा जोरात जाऊच शकत नाहीत.

नोंदवही: मर्यादा आहे म्हणता, मग आकडा असेल ना काहीतरी?

चंचुपात्र: आहे, आणि तो काढणं गंमतशीर सोपं आहे. १९१७ साली स्मोलुचोव्स्कीने रेणू एकमेकांकडे किती वेगाने वाहत येतात त्याचं गणित मांडलं. त्यात स्टोक्स-आइनस्टाइनचा विसरणगुणांक घातला की सारख्या आकाराच्या रेणूंसाठी एवढंच उरतं:

```
k = 8RT / 3η
```

k म्हणजे अभिक्रियेचा वेगस्थिरांक, R वायुस्थिरांक, T केल्विनमधलं तापमान आणि η म्हणजे द्रावकाची श्यानता. रेणूचा आकार कुठे गेला? मोठा रेणू हळू सरकतो पण आपटायला निशाणही मोठं असतो, दोन्ही एकमेकांना खातात. म्हणून रेणू कोण आहेत यापेक्षा द्रावक किती दाट आहे तेच उरतं. २५ अंशांना पाण्याची श्यानता ०.८९ मिलिपास्कल-सेकंद, तर k येतो सुमारे ७.४ × १०⁹ लिटर प्रति मोल प्रति सेकंद. हेक्झेन पातळ, तिथे साधारण तिप्पट. इथिलीन ग्लायकॉल पाण्याच्या अठरापट दाट, तिथे तोच आकडा ४ × १०⁸ वर उतरतो.

तारापूर_शिफ्ट: हे आम्हाला नवीन नाही, आमच्या प्लँटवर हायड्रोजनेशनचा रिअ‍ॅक्टर आहे, स्टरर १५० वरून ३०० आरपीएम केला की बॅच लवकर संपते. सिनियर लोक म्हणतात डिफ्युजन कंट्रोल आहे. म्हणजे यांचीही मर्यादा ढवळून वाढेल की, त्यात काय एवढं.

चंचुपात्र: शिफ्टवाले, तुमचं म्हणणं तुमच्या रिअ‍ॅक्टरपुरतं बरोबर. तुमच्याकडे हायड्रोजनला बुडबुड्यातून द्रवात आणि द्रवातून कॅटॅलिस्टच्या कणापर्यंत जायचंय, मधला थर ढवळल्याने पातळ होतो. इथे दोघेही आधीच एकाच द्रावणात मिसळलेले आहेत, शेवटचे काही नॅनोमीटर ओलांडायचेत. तिथे स्टरर कितीही फिरवा, पोचत नाही त्याचं ढवळणं. शब्द एकच, दुखणी दोन, आणि इंजिनियर-केमिस्ट यात कायम भांडतात.

काजवा: माझं वेगळंच आहे पण विचारते. बीएसए प्रोटीनमध्ये आमचं एक औषध घातलं, ट्रिप्टोफॅनचा फ्लुओरेसन्स विझतो. १० मायक्रोमोलरलाच प्रकाश निम्म्याखाली, औषधाआधीचा प्रकाश भागिले नंतरचा, म्हणजे F₀/F, २.२ आलं. हेच गुणोत्तर औषधाच्या प्रमाणाविरुद्ध मांडलं, तो स्टर्न-व्होल्मर प्लॉट मस्त सरळ रेष, उतार १.२ × १०⁵. उत्तेजित ट्रिप्टोफॅनचं आयुष्य ६ नॅनोसेकंद धरून भागलं तर विझण्याचा वेगस्थिरांक kq आला २ × १०¹³. सर म्हणाले लिही, खूप जलद विसरण-नियंत्रित क्वेंचिंग. आता वरचा आकडा वाचून पोटात गोळा आलाय.

चंचुपात्र: यायलाच हवा :) मर्यादेच्या अडीच हजार पटीहून जास्त आहे तो. आकार विषम असले, म्हणजे मोठं प्रोटीन आणि छोटं औषध, तर सूत्राला दोन-तीनपट सूट मिळते, म्हणून अशा पेपरांत २ × १०¹⁰ ही सीमा धरतात. तरी तुमचा हजारपट पुढेच.

सूत्र बाजूला ठेवा, नुसता वेळ बघा. सूट धरून, १० मायक्रोमोलर औषधात एका प्रोटीनला औषधाचा रेणू येऊन भेटायला सरासरी ५ मायक्रोसेकंद लागतात. ट्रिप्टोफॅन उत्तेजित राहतो ६ नॅनोसेकंद. हजारात एखाद्याचीच भेट होईल, निम्मा प्रकाश विझेलच कसा? म्हणजे औषध वाटेत भेटत नाहीये, आधीच प्रोटीनला चिकटून बसलंय. हे स्टॅटिक क्वेंचिंग, तुमचा उतार हा बंधाचा स्थिरांक आहे, त्याला आयुष्याने भागून वेग म्हणायचं कारणच नाही.

काजवा: पण रेष तर सरळ आहे!

चंचुपात्र: दोन्हीत सरळच येते, तिथेच फसगत होते. आयुष्य मोजता आलं तर औषध घालून मोजा, टकरीने विझत असेल तर आयुष्यही तेवढंच घटेल, चिकटून असेल तर जवळपास तसंच राहील. ते यंत्र नसेल तर तापमान बदला. पाणी २५ वरून ५० अंशांवर गेलं की श्यानता ०.५५ होते आणि मर्यादा १.३ × १०¹⁰ होते, म्हणून टकरीचं क्वेंचिंग वाढतं. बंध मात्र सहसा सैल होतो, उतार कमी होतो. फक्त प्रोटीन उलगडेल इतकं तापवू नका, ३७ पर्यंत पुरे. आणि तुमचं औषध २८० नॅनोमीटरला स्वतःच प्रकाश शोषतं का ते आधी बघा. शोषत असेल तर निम्मं 'क्वेंचिंग' नुसती सावली निघेल.

काजवा: शोषतं... करेक्शन केलेलं नाही.

सदाफुली: मर्यादा एवढी पक्की असेल तर हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयन कसे १.४ × १०¹¹ ने भिडतात? आयगेनला १९६७ ला नोबेल मिळालं ते असल्याच जलद अभिक्रियांवर ना.

चंचुपात्र: हा प्रश्न चांगला काढलात. तिथे सूत्राची दोन गृहीतकं मोडतात. विरुद्ध भार, म्हणून दुरूनच ओढ. आणि प्रोटॉन पाण्यातून पोहत जात नाही, या रेणूवरून त्या रेणूवर उडी मारतो, त्यामुळे श्यानता त्याला फारशी अडवत नाही. उलट्या टोकाला ग्लिसरॉलमध्ये ऑक्सिजनसारखा चिमुकला रेणू सूत्रापेक्षा जास्त वेगाने सरकतो, कारण द्रावकाच्या मोठ्या रेणूंच्या फटीतून त्याला वाट मिळते. तिथे 1/η चालत नाही, घात एकाहून कमी धरावा लागतो. किती कमी, ते प्रत्येक द्रावकात मोजायचं, एक सूत्र नाही.

नोंदवही: मग मी 'विसरण-मर्यादित' करू का? लगाम वाटणार नाही, छत वाटेल.

सदाफुली: मर्यादित म्हटलं तर 'थोडीशीच होते' असं वाचतील लोक.

तारापूर_शिफ्ट: नियंत्रितच ठेवा. प्लँटवर सगळे तेच म्हणतात.

चंचुपात्र: मला मर्यादित बरं वाटतं, पण परीक्षेत मुलं नियंत्रितच लिहितात आणि मी मार्क देतो. पहिल्यांदा शब्द येईल तिथे 'भेटताक्षणी घडणारी' एवढं जोडा. काजवा, आयुष्य मोजलंत तर आकडा इथे टाका.