स्नेक प्लांटची पानं सुरकुतलीत, एक तर आडवंच झालंय

> "पानांवर उभ्या सुरकुत्या आल्यात, एक पान आडवं पडलंय. पाणी कमी पडतंय का? वाढवू का?"

थांबा, आधी बोट दोन इंच मातीत घाला. माती कोरडी ठणठणीत असेल तर तहानच आहे, भरपूर पाणी द्या, सुरकुत्या हळूहळू भरतात. पण माती ओली आणि तरी पान सुरकुतलेलं, म्हणजे मुळं कुजलीत, पाणी आहे पण ओढणार कोण!

मी फोंड्याला राहते, ऑगस्टात माझ्या बाल्कनीतल्या कुंडीचं अगदी हेच झालं आणि मी शहाणीने पाणी वाढवलं, चार दिवसांत पान बुडाशी मऊ होऊन लोळलं. उपटून बघितलं तर मुळं तपकिरी, चिमटीत धरून ओढलं की साल निघून हातात नुसता दोरा. चांगलं मूळ टणक असतं, नारिंगीसर दिसलं तरी कापू नका हां, तो याचा नेहमीचा रंग.

मऊ भाग सगळा कापला, गड्डा आतून स्वच्छ दिसेपर्यंत, मग चार दिवस सावलीत सुकवला आणि मातीच्या छोट्या कुंडीत लावला, निम्मी माती निम्मी चिऱ्याची बारीक खडी. पहिलं पाणी आठवड्याने.

मोठी कुंडी घेऊ नका, पावसाळ्यात ती आठवडा आठवडा सुकत नाही. पडलेलं पान परत उभं राहत नाही, बुडाशी टणक असेल तर काठीला बांधा, पिचपिचीत असेल तर काढूनच टाका.