मदत हवी आहे: किराणा दुकानदारांना किमान ऑर्डर आणि मोफत डिलिव्हरीचा नवा नियम कसा कळवू?

कराडकर_मसाले
आमची मसाले, पापड, शेवयांची एजन्सी आहे. कराडहून पाटण, ढेबेवाडी भागातल्या छोट्या किराणा दुकानांना छोट्या हत्तीने माल पोचवतो. आजवर कितीचीही ऑर्डर घेतली, डिलिव्हरीचे पैसे कधी लावले नाहीत. आता जमत नाही. डिझेल, ड्रायव्हर, हमाल धरून गाडीचा दिवसाचा खर्च १,९२० रुपये. दिवसाला २४ दुकानं होतात, म्हणजे एका थांब्याला ८० रुपये. माझ्या हातात ८ टक्के राहतात. ६०० च्या बिलात ४८ रुपये मिळवायचे आणि ८० घालवायचे!

ठरवलंय असं: १,००० च्या खाली ऑर्डर घ्यायची नाही, १,००० ते २,००० ला ४० रुपये डिलिव्हरी, २,००० च्या वर मोफत. व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट टाकणार आहे. पुढच्या सोमवारपासून लागू. मजकूर कसा असावा?

लाडूवाली
मी घरून दिवाळीचे लाडू विकते. ५०० च्या वर डिलिव्हरी फ्री लिहिलं की लोक आपोआप एक डबा जास्त घेतात. खाली एक गोड स्टिकर टाका, कुणी रागावत नाही.

तराजू
ताई, तुमचं गिऱ्हाईक वर्षातून एकदा येतं. यांचा दुकानदार दर आठवड्याला समोर उभा असतो, आणि त्याच्याकडे उधारीही असते.

कराडकर, १,००० बरोबर आहे, कारण तिथे थांब्याचा खर्च जेमतेम निघतो. शंका २,००० ची आहे. गेल्या दोन महिन्यांची बिलं काढून बघा, सगळ्यात जास्त बिलं कितीच्या आसपास आहेत?

कराडकर_मसाले
बघितली. बहुतेक ११०० ते १४०० मधली. २,००० च्या वरची मोजकीच.

तराजू
मग २,००० ठेवलंत तर जवळपास सगळ्यांनाच ४० रुपये बसतील. दुकानदार त्याला सरळ भाववाढ म्हणेल. मोफतची रेघ नेहमीच्या बिलापेक्षा थोडीच वर हवी. १,५०० ठेवा. १,३०० वाल्याला दोनशेचा माल वाढवणं, म्हणजे पापडाची चार पाकिटं आणि थोडा मसाला, जड नाही. १,५०० वर तुम्हाला १२० मिळतात, त्यातून ८० गेले तरी ४० उरतात.

दुसरं, रक्कम ऑर्डरची धरायची की बिलाची, हे आत्ताच ठरवा. त्याने १,६०० ची ऑर्डर दिली, तुमच्याकडे शेवया नव्हत्या म्हणून बिल १,४०० झालं, आणि तुम्ही ४० लावले, तर भांडण तिथेच. माल तुमच्याकडे नाही, तर दंड त्याला का? ऑर्डरचीच रक्कम धरा, आणि ती जीएसटीसह की जीएसटी सोडून, तेही लिहा.

बाजारपेठ_७
एवढं कशाला? किमान ऑर्डर लावली की डिलिव्हरी चार्ज लागतच नाही. आणि लावलाच तर त्यावर जीएसटी नसतो, ती वाहतूक आहे.

तराजू
पहिलं काही अंशी पटतं, दोन नियमांपेक्षा एक नियम सांगायला सोपा. पण जीएसटीचं चुकलं. माल आणि पोचवणं एकाच विक्रीत असेल, तर डिलिव्हरीच्या रकमेलाही मालाचाच दर लागतो. कराडकर, हिशेबनिसाला विचारून बिलात वेगळी ओळ करून घ्या.

फिरता_सेल्समन
ब्रॉडकास्टवर विसंबू नका. ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्याला ब्रॉडकास्ट पोचतच नाही. आमच्याकडे निम्म्या जणांना नियम बिल हातात पडल्यावर कळला. आधी ऑर्डर घेणाऱ्या माणसाने तोंडी सांगायचं, मग छापील चिठ्ठी बिलाला टाचायची, मेसेज शेवटी. आणि पुढचा सोमवार फार जवळ आहे. प्रत्येक दुकानात तुमचा माणूस दोनदा जाऊन येईल एवढा वेळ द्या. मजकूर असा चालेल:

"नमस्कार. १ तारखेपासून किमान ऑर्डर १,००० रुपये. १,५०० व त्यापुढे पोच मोफत, त्याखाली ४० रुपये. रक्कम ऑर्डरची, जीएसटीसह. आमच्याकडे माल कमी पडला तर पोचेचे पैसे लागणार नाहीत. १,००० पेक्षा कमी माल हवा असल्यास गोडाऊनवरून नेता येईल. भाव व उधारीची मुदत आहे तीच."

शेवटची ओळ गाळू नका. दुकानदाराला पहिली धास्ती त्याचीच असते.

कराडकर_मसाले
मजकूर हाच घेतो, १,५०० पण. एक अडचण उरते. ढेबेवाडीच्या पुढे एक आजी दुकान चालवतात, आठवड्याला ५०० चा माल, पण रोख, कधी थकबाकी नाही. त्यांना गोडाऊनवर या म्हणू कसं?

तराजू
पंधरवड्याने एकदाच १,००० ची घ्यायला सांगा. किंवा शेजारच्या दुकानाबरोबर माल उतरवा. खर्च थांब्याचा आहे, बिलं दोन असली तरी थांबा एकच.

फिरता_सेल्समन
शेजारी दुकान नसेल तर? आणि आजींना सूट दिलीत की पुढच्या वळणावरचा विचारणारच, मला का नाही. मी तरी सूट देणार नाही.

बाजारपेठ_७
रोखीवाल्याला सूट, उधारीवाल्याला नाही, असा नियमच करून टाका की.

कराडकर_मसाले
मग रोखवाले सगळेच ५०० वर येतील. आजींशी बोलून बघतो, पंधरवड्याचा माल ठेवायला जागा आहे का ते.