क्लासच्या नोट्स उतरवून टेम्प्लेट करावेत का?

मुक्ता: राज्यसेवा मुख्य आता वर्णनात्मक झाली. माझ्याकडे क्लासच्या पाच जाड वह्या आहेत. त्यांचे घटकनिहाय टेम्प्लेट करून प्रत्येक पानावर चालू घडामोडींच्या लिंकसाठी जागा सोडावी म्हणते. वेळ वाया जाईल का?

दत्ता: जाईल. मी नवी पेठेतल्या अभ्यासिकेत बसून दोन महिने हेच केलं. तीन रंगांची पेनं, स्केलने आखलेले चौकोन. पानं १८०, आणि त्या काळात लिहिलेली उत्तरं शून्य. उतरवताना अभ्यास झाल्यासारखा वाटतो, हाच त्यातला धोका. पानाखालच्या मोकळ्या जागा तर परीक्षेपर्यंत मोकळ्याच राहिल्या.

शलाका: दत्ता, तुझं फसलं कारण जागा पानाखाली सोडली होतीस. बातमी सगळ्या घटकाला कधीच लागत नाही, त्यातल्या एखाद्या ओळीला लागते. म्हणून जागा त्या ओळीशेजारी हवी.

मी पंचायत राजचं केलं ते सांगते. क्लासच्या नोट्स चौदा पानं होत्या. आधी त्या घटकावरची दोन उत्तरं वही न बघता लिहिली, आणि जिथे अडले तेवढंच उतरवलं. सुटे ए-फोर कागद, उजवीकडचा एक तृतीयांश भाग कोरा. आरक्षणाच्या पानावर डावीकडे राज्यघटनेचं कलम २४३ड. त्यातलं सहावं उपकलम मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा अधिकार राज्य विधिमंडळाला देतं. या एका ओळीसमोर उजवीकडे तीन नोंदी आल्या. सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०२१ चा गवळी निकाल: समर्पित आयोग, संस्थानिहाय माहिती, एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत. जुलै २०२२: ओबीसी आरक्षणासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल न्यायालयाला मान्य. मे २०२५: न्यायालयाचा आदेश, निवडणुका घ्या, ओबीसी आरक्षण बांठिया अहवालापूर्वी होतं तसं.

आता गंमत बघा. मे २०२५ चा आदेश २४३ई लाही लागतो, कारण तिथे पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यायला सांगितलं आहे आणि आपल्याकडे ती वर्षानुवर्षं रखडली. दोन्हीकडे पूर्ण लिहिलं की पुढची सुधारणा एकीकडेच होते आणि दुसरी नोंद शिळी पडते. म्हणून बातमी एकदाच लिहायची, दुसरीकडे फक्त ‘पाहा: आरक्षण, नोंद ३’.

प्रसाद: शलाकाताईंची पद्धत पटली. पण घटनेतच महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, ते डावीकडे आलंच पाहिजे.

शलाका: नाही रे. घटनेत ‘किमान एक तृतीयांश’ आहे. निम्म्या जागा महाराष्ट्राने २०११ मध्ये राज्याच्या कायद्याने केल्या. तुझ्या नोट्समध्ये दोन्ही एकाच ओळीत असतील, म्हणून सरमिसळ झाली. डावीकडे घटना आणि राज्याचा कायदा वेगवेगळ्या ओळींत लिही.

ज्योती: मी कम्बाइन करते. शंभर बहुपर्यायी प्रश्न, एक तास. मला टेम्प्लेटचा काडीचा उपयोग झाला नाही, जुने प्रश्नसंच सोडवले तेव्हाच मार्क वाढले.

मुक्ता: ज्योती, कम्बाइनचं खरं असेल, पण मी मुख्यच्या लेखी पेपरबद्दल विचारतेय. शलाकाताई, लिंक म्हणजे मी बातमीचा पत्ता टाकणार होते. गूगल डॉकमध्ये.

दत्ता: तेही करून पाहिलं. सहा महिन्यांनी उघडलं तर काही बातम्या पैसे भरल्याशिवाय दिसेनात, काही पानं गायब. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री कोण लिंक उघडतंय?

शलाका: इथे दत्ताशी सहमत. पत्ता ठेव, पण त्याच्या आधी स्वतःच्या शब्दांत एक ओळ हवी: या बातमीने माझ्या उत्तरातलं कोणतं वाक्य बदललं? ‘सर्वोच्च न्यायालयाचा ओबीसी निर्णय’ ही नोंद निकामी आहे. ‘कायद्यात २७ टक्के लिहिलं असलं तरी सरसकट देता येत नाही, संस्थेगणिक माहिती लागते’ ही कामाची. तपासायचं असेल तर डावी बाजू झाकून फक्त उजवीकडच्या नोंदींवरून परिच्छेद लिहून बघ. जमला नाही तर ते बातम्यांचं कात्रण आहे.

दत्ता: मान्य, पण हे तुला जमलं कारण तुझी एक मुख्य आधी झाली होती. पहिल्यांदा बसणारीला कुठली ओळ बातमी ओढणार हे कळणार कसं? ती चौदाच्या चौदा पानं उतरवणार.

शलाका: हं. त्यावर माझ्याकडे धड उत्तर नाही. मुक्ता, आरक्षणाचं एक पान कर आणि फोटो टाक. पाचही वह्या उघडू नकोस.

मुक्ता: शनिवारी टाकते. तीन रंगांची पेनं आधीच घेतली आहेत, हे मात्र दत्ताला सांगू नका.