‘मग नापास झालो तर धन्य का?’

रंकाळ्याची ताई
संडे स्कूलला तेरा ते सोळा वयाची अकरा मुलं येतात. बायबलमधल्या मत्तयच्या पाचव्या अध्यायातली येशूची धन्यवचनं घेतली आणि सांगितलं की धन्य असणं वेगळं, यश वेगळं, चारचौघांत भाव मिळणं वेगळं. एक जण म्हणाला, "टीचर, मग नापास झालो तर धन्य का?" वर्ग हसला. एक मात्र हसला नाही. त्याला मुलांनी व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलंय. तो म्हणाला, "मग मी धन्य आहे?" मला दोघांनाही उत्तर देता आलं नाही. येत्या रविवारी काय करू?

युथ लीडर, कसबा बावडा
ताई, सोपं आहे. आठ वचनं म्हणजे आठ गुण. फळ्यावर लिहा आणि प्रत्येकाला स्वतःला दहापैकी मार्क द्यायला सांगा. सौम्यपणात किती, दयेत किती. कमी असेल तिथं वाढवायचं, म्हणजे आशीर्वाद मिळेल. आमच्याकडं मुलं आवडीनं करतात.

निवृत्त मास्तर
आवडीनं करणारच, कारण ती अजून एक मार्कलिस्ट झाली. ताई मोडायला निघाल्यात तेच तुम्ही देवाच्या नावानं परत उभं केलंत. दुसरं वचन बघा: "जे शोक करतात ते धन्य." ज्या पोरीची आजी गेल्या महिन्यात गेली तिला शोकात दहापैकी किती देणार?

ताई, मी काय करायचो ते सांगतो. आपल्या गावात फ्लेक्स कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मुलांना एक फ्लेक्स लिहायला लावा, अगदी चौकातल्यासारखा: फोटो, नाव, "९४ टक्के मिळवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन", खाली शुभेच्छुकांची रांग. आता अभिनंदन कशाबद्दल, त्या शब्दांखाली रेघ मारायला सांगा. रेघ त्या मुलानं काय मिळवलं त्याखाली येते.

मग धन्यवचनं घ्या आणि प्रत्येकात ‘कारण’ या शब्दापुढं रेघ मारायला सांगा. "कारण त्यांचे सांत्वन करण्यात येईल." सांत्वन कोण करणार? शोक करणारा नव्हे. "कारण स्वर्गाचे राज्य त्यांचे आहे." दिलं कोणी? रेघ माणसाच्या कमाईखालून सरकते आणि देव काय करणार त्याखाली जाते. हे त्यांच्या हातून झालं पाहिजे, तुम्ही सांगून नाही.

आणि ‘धन्य’ हा शब्द आधी सोडवून घ्या. पोरांच्या कानाला तो टोमणा आहे. आई म्हणते, "धन्य आहेस बाबा!" मूळ ग्रीक शब्द मकारिओस. "देव तुझं भलं करो" असा हा आशीर्वाद नाही, त्याला ग्रीकमध्ये दुसरा शब्द आहे. याचं भलं झालेलंच आहे, दिसत नसलं तरी, असं त्यात म्हटलंय. म्हणून नापास होणाऱ्याला उत्तर असं: नापास होणं हे धन्य होण्याचं कारण नाही आणि पहिला येणं हेही नाही. परीक्षा त्या वाक्यात कुठंच नाही.

युथ लीडर, कसबा बावडा
पण सर, दया करणं, शांती करणं हे तर करायचंच काम आहे ना? तिथं रेघ कुठं मारणार?

निवृत्त मास्तर
हा प्रश्न बरोबर आहे आणि तो मोठमोठ्या अभ्यासकांनाही पडलाय. पहिल्या चार वचनांतली माणसं रिकाम्या हाताची आहेत. दीन, रडणारी, भुकेली. पुढच्या वचनांत कृती येते. मी असं शिकवायचो की आधी मिळतं, मग वाटलं जातं. तरी दयेच्या वचनात, "कारण त्यांच्यावर दया होईल", हे उत्तर पुरत नाही, हे मुलांपुढं कबूल करायचो.

राजारामपुरीचा बाप
माझ्या पोरीला ९१ टक्के पडले. गल्लीत दुसऱ्याच्या पोराला ८८, तरी त्याचा फ्लेक्स लागला, कारण त्याचा काका तालमीत बसतो. आमची पोरगी दोन दिवस जेवली न्हाई. तुम्ही लोक पोरांना यश वाईट म्हणून शिकवताय व्हय? अभ्यास सोडतील की!

रंकाळ्याची ताई
दादा, यश वाईट असं मी म्हटलं नाही. पण तुमच्या लेकीला ९१ टक्क्यांचा आनंद दोन दिवस मिळाला नाही, आणि तो एका फ्लेक्समुळं गेला. मार्क वेगळे, चौकानं दिलेला मान वेगळा. तुमचं नाव न घेता हे वर्गात सांगितलं तर चालेल का?

राजारामपुरीचा बाप
सांगा. पोरीचं नाव नको.

बिंदू चौक
मी श्रद्धावान नाही, तरी बोलतो. "दीन ते धन्य" हे गरिबाला शांत बसवायला फार सोयीचं वाक्य आहे. आणि तिसऱ्या वचनात "पृथ्वीचे वतन भोगतील" असं छापलंय. कोल्हापुरात वतन हा शब्द जपून वापरा, ताई. महार वतन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची वेठ होती. शाहू महाराजांनी १९१८ साली कायद्यानं ती मोडली. सौम्य बसून सुटली नाही.

निवृत्त मास्तर
वतनाचं बोललात ते मान्य, मी हे वर्गात कधी काढलं नाही, काढायला हवं होतं. ते वचन ३७ व्या स्तोत्रातून आलंय, आणि तिथं दुष्ट माणसं गरिबाला पाडायला तलवार उपसून उभी आहेत. जमीन त्यांच्या हातून जाईल, असं तिथं म्हटलंय. ते गप्प बसवणारं गाणं नाही. येशू स्वतःला "मनाचा सौम्य" म्हणतो आणि तोच मंदिरात सराफांचे चौरंग पालथे करतो.

पण गरिबाला हे वाक्य ऐकवून गप्प केलं गेलं, हेही खरं. लूकच्या सहाव्या अध्यायात ते सरळ "दीनांनो, तुम्ही धन्य" असं आहे, मत्तयमधल्या "आत्म्याने दीन" यातला ‘आत्म्याने’ हा शब्दच नाही. पुढं लगेच धनवानांना "तुमची केवढी दुर्दशा होणार!" आणि त्याच्याच मागोमाग, "सर्व लोक तुम्हाला बरे म्हणतील तेव्हा तुमची केवढी दुर्दशा होणार!", कारण खोट्या संदेष्ट्यांनाही लोक असंच म्हणत. लाइक मोजणाऱ्या पोरांसमोर हे वाचा. फळ्याची गरज पडत नाही.

रंकाळ्याची ताई
सर, ग्रुपमधून काढलेल्या मुलाचं राहिलं. घाईनं त्याला "तू धन्य" म्हणायला जीभ धजत नाही.

निवृत्त मास्तर
बरंच झालं म्हणाला नाहीत. आधी त्याला एकट्याला विचारा, का काढलं. ज्यांचा छळ होतो ते धन्य, या वचनात दोन अटी आहेत आणि त्या बऱ्याचदा गाळल्या जातात: छळ "नीतिमत्त्वाकरता" झालेला हवा, आणि वाईट बोलतात ते "लबाडीने" हवं. कोणाची टिंगल करून तो बाहेर पडला असेल, तर ते आपल्या हाताचं फळ. त्याला माफी मागायला शिकवा.

रंकाळ्याची ताई
आज भेटला. एका मुलीचा फोटो कोणीतरी एडिट करून टाकला होता, तो यानं पुढं पाठवला नाही आणि काढून टाका म्हणाला. दहा मिनिटांत याला काढलं. त्या मुलीला अजून माहीत नाही. मी तिच्या आईला सांगायला निघालेय.

बिंदू चौक
ताई, आईच्या आधी मुलीला विचारा. आणि धन्य वगैरे नंतर. शाळेत तक्रार कोण करणार?

रंकाळ्याची ताई
मुलीला आधी विचारते, बरोबर आहे. तक्रार मीच करेन. त्याला मी अजून काहीच म्हटलेलं नाही. निघताना त्यानं विचारलं, "टीचर, तो फ्लेक्स रविवारी लिहायचाय ना?"